फरशी न फोडता पॅनवर कमोड: ट्रॅप एकच हवा

आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरातल्या संडासाबद्दल. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा, जुन्या सोसायटीतला. संडास तीन फूट बाय चार फूट, त्यात पायऱ्यांचा पॅन, मागे उंचावर टाकी. 'भारतीय बसून चालणार नाही, कमोड करून घ्या,' एवढं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले. ऑपरेशनला तीन आठवडे होते.

तीन प्लंबर येऊन बघून गेले. दोघांनी 'फोडावं लागेल' म्हणून सांगितलं. तिसरा म्हणाला, 'पॅनवरच विटांचा ओटा करून कमोड ठेवतो, एका दिवसात.' मी त्याला नको म्हटलं. अगदी तसंच काम माझ्या मावशीकडे झालं होतं आणि चौथ्या महिन्यात ते घणाने फोडावं लागलं होतं. ते का फसलं हे कळलं की बाकीचं काम सोपं आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

मावशीचा कमोड का तुंबला

भारतीय पॅन म्हणजे नुसतं भांडं. वास आणि झुरळं अडवणारं पाणी त्या भांड्यात नसतं. खाली, फरशीच्या पोटात एक वाकडा पाइप असतो, त्या वाकणात पाणी साठून राहतं. हाच ट्रॅप. पाश्चात्त्य कमोडमध्ये मात्र हे वाकण कमोडच्या सिरॅमिकमध्येच घडवलेलं असतं. कमोडच्या तळाशी नेहमी दिसणारं पाणी ते हेच.

आता पॅनच्या भोकावर कमोड ठेवून मधली जागा सिमेंटने बंद केली, तर एकाखाली एक असे दोन ट्रॅप तयार होतात. दोन्हींत पाणी आणि मध्ये कोंडलेली हवा. फ्लश केला की वरून येणारं पाणी त्या हवेला खाली ढकलतं, पण खाली दुसऱ्या ट्रॅपचं पाणी आडवं असतं. हवेला जायला वाट नाही. मग कमोडमधलं पाणी आधी काठापर्यंत चढतं, थोडा वेळ तसंच राहतं, गुडगुड आवाज करत बुडबुडे येतात आणि मग सावकाश उतरतं. जोर संपलेलं पाणी घाण पुढे नेत नाही. ती दोन ट्रॅपच्या मधल्या भागात साचत जाते. मावशीकडे पहिल्या आठवड्यापासून ही गुडगुड होती. 'नवीन आहे, बसेल हळूहळू,' असं सगळे म्हणत राहिले. पूर्ण तुंबल्यावर प्लंबरने सळई घातली, ती कमोडच्या वाकणात अडकली. पंप मारला, तर त्याचा जोर मधल्या हवेतच जिरला. खालच्या ट्रॅपपर्यंत पोचायला ओटा फोडण्याशिवाय मार्ग उरला नाही, आणि तो फोडताना खालचा पॅनही तडकला. जे टाळायचं होतं तेच दुप्पट खर्चात झालं.

म्हणून पॅनवर जे काही बसवायचं, त्याला स्वतःचा ट्रॅप असता कामा नये. वरचं भांडं आरपार मोकळं हवं. बसायची उंची त्याने द्यायची, आणि वास अडवण्याचं काम पॅनखालचा जुना ट्रॅप इतकी वर्षं करतोय तसं करत राहील. दुकानात 'इंडियन टू वेस्टर्न कन्व्हर्टर' किंवा नुसतंच 'अडॅप्टर' म्हणून फायबरचं किंवा प्लास्टिकचं जे भांडं मिळतं, ते विकत घेताना वरून आत बघा. खालची जमीन सरळ दिसली तर ते तुमच्या कामाचं. तळाशी वळण दिसलं तर तो ट्रॅपवाला कमोड आहे, परत ठेवा.

खरा कमोडच हवा असेल आणि संडासाची मागची भिंत बाहेरच्या डक्टला लागून असेल, तर एक वेगळा रस्ता आहे. पी-ट्रॅपच्या कमोडचं तोंड फरशीच्या सुमारे १८ सेंटिमीटर वर, मागे उघडतं. भिंतीला त्या उंचीवर गोल भोक पाडून पाइप थेट बाहेरच्या उभ्या मैलावाहिनीला जोडता येतो. फरशीला हातही लागत नाही. पण ती वाहिनी सगळ्यांची असते, त्यामुळे सोसायटीची परवानगी लागते आणि वरच्या मजल्यांना काही तास संडास वापरू नका म्हणून सांगावं लागतं. शिवाय जुन्या पॅनचं तोंड पक्कं बुजवावं लागतं. ते नुसतं झाकून ठेवलं तर त्याच्या ट्रॅपमधलं पाणी काही आठवड्यांत सुकतं आणि गटाराचा वास घरात येतो. आमची मागची भिंत शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची, म्हणून तो विषय तिथेच संपला.

फोडायचंच का नाही

तळमजल्यावर राहत असाल आणि घर स्वतःचं असेल, तर माझं प्रामाणिक मत आहे की फोडा आणि नीट कमोड बसवा. वरच्या मजल्यांचं गणित वेगळं असतं. तिथे संडासाचा स्लॅब खाली दाबलेला असतो, त्यात पाइप, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यात वॉटरप्रूफिंग आणि मग फरशी. पॅन काढायचा म्हणजे हे सगळं उकरायचं. जुन्या थराला नवा थर जोडला की त्या सांध्यातून पाणी झिरपण्याची शक्यता राहते, आणि झिरपलं की ते खालच्या घराच्या छतावर दिसतं. त्यात आठ-दहा दिवस घरात संडास नाही. भाड्याचं घर असेल तर मालक बहुतेक नाहीच म्हणेल.

आधी जुन्या पॅनची परीक्षा

अडॅप्टर आणण्याआधी पॅन त्या लायकीचा आहे का ते बघा. दहा लिटरची बादली भरून पॅनमध्ये एकदम ओता. पाणी क्षणभर चढून लगेच खळकन गेलं पाहिजे. चढून रेंगाळलं किंवा गुडगुडलं तर ट्रॅपमध्ये किंवा पुढच्या पाइपात अर्धवट चोकअप आहे. ते आधी काढून घ्या, कारण वर भांडं बसल्यावर सळई घालणं अवघड होतं. नंतर टाकीचा फ्लश ओढा आणि पाणी पॅनच्या पूर्ण रुंदीवर पसरतंय की एकाच धारेने जातंय ते बघा. आमच्याकडे एकच धार येत होती. फ्लशच्या पाइपाच्या तोंडाशी क्षार साचले होते, ते खरवडल्यावर पाणी नीट पसरायला लागलं.

मग नाणं घेऊन पॅनच्या पायऱ्या आणि आजूबाजूच्या फरश्या ठोकून बघा. टणक आवाज आला तर खाली माल भरलेला आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर खालचा थर सुटलाय आणि तिथे वजन टाकायचं नाही. पॅनला केसाएवढी जरी चीर दिसली तरी हे काम करू नका. चीर अडॅप्टरखाली झाकली जाते आणि पाणी गुपचूप कोब्यात उतरत राहतं.

शेवटची तपासणी बहुतेक जण विसरतात. संडासात वेगळी नहाणी ट्रॅपची जाळी आहे का? जुन्या लहान संडासात बऱ्याचदा नसते. फरशीचा उतार पॅनकडे असतो आणि धुतलेलं सगळं पाणी पॅनमध्येच जातं. अशा ठिकाणी अडॅप्टर चारी बाजूंनी सिलिकॉनने सील केला, तर हात धुतलेलं, जेट स्प्रेचं, फरशी पुसल्याचं पाणी जाणार कुठे? ते साचतं आणि म्हातारं माणूस त्यावरून घसरतं. आमच्याकडे जाळी नव्हती. म्हणून अडॅप्टर थेट फरशीवर न चिकटवता एका बुटक्या स्टीलच्या चौकटीवर उचलून ठेवायचं मी ठरवलं, म्हणजे खालून पाणी चारी बाजूंनी पॅनमध्ये जात राहील. त्या फटीतून वास येणार का, असं सगळ्यांनी विचारलं. गटाराचा वास खालचा ट्रॅप अडवतो. फट नव्हती तेव्हाही पॅन उघडाच होता की.

मापं

पहिलं माप संडासाचं नाही, माणसाचं. आईला घट्ट खुर्चीवर बसवलं, तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत मोजलं: ३९ सेंटिमीटर. बसायची जागा याहून थोडी उंच असली की उठताना गुडघ्यावर जोर कमी येतो. पण जास्त उंच झाली तर पाय लोंबकळतात, मांड्यांखाली काठ रुततो आणि पोट साफ व्हायला कुंथावं लागतं. मी ४२ धरलं आणि फिजिओथेरपिस्टला विचारून पक्कं केलं. खुब्याची शस्त्रक्रिया असेल तर उंची डॉक्टरच सांगतील, तिथे आपला अंदाज चालवू नका. 'ज्येष्ठांसाठी उंच' म्हणून मिळणारी तयार भांडी पाच फुटांहून बुटक्या आजीला उंच पडू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

मग पॅन मोजला. पायऱ्यांसकट लांबी ५८, रुंदी ४४ सेंटिमीटर. मागच्या भिंतीपासून पॅनची कड २० सेंटिमीटरवर. पायऱ्या फरशीपेक्षा २ सेंटिमीटर वर. भोक दाराच्या बाजूला, फ्लशचं पाणी भिंतीकडून येणारं. भोकाची जागा प्रत्येक पॅनची आणि तो कसा बसवलाय त्याची वेगळी असू शकते, म्हणून दुकानात जाताना वर्तमानपत्र पॅनवर पसरून त्याचा आकार, भोक आणि पायऱ्या पेनाने गिरवून घ्या. तो कागद अडॅप्टरखाली धरला की बसतंय की नाही हे जागेवरच कळतं. दुकानदाराच्या 'सगळ्याला बसतं'वर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

पंधरा दिवस उसनी खुर्ची

कायमचं काम करण्याआधी आम्ही वैद्यकीय वस्तू भाड्याने देणाऱ्याकडून चार पायांची कमोड खुर्ची आणली, खालचा डबा काढून टाकला आणि ती पॅनवर ठेवली. बऱ्याच घरांना एवढंच पुरतं. ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल तर याच्या पुढे जाऊच नका. आम्हाला दोन अडचणी आल्या. ओल्या उतारावर खुर्ची दर वेळी बोटभर सरकायची आणि आई घाबरायची. दुसरं म्हणजे बैठकीपासून पॅनपर्यंत मधे काहीच आड नसल्याने शिंतोडे पायावर यायचे. पण या पंधरा दिवसांत उंची बरोबर आहे, गुडघे दाराला लागतात, आणि उठताना आई डाव्या हाताने आधार शोधते, अशा तीन गोष्टी कळल्या. त्या टेपने मोजून कळल्या नसत्या.

चौकट

वजन कुठे जातं हा या कामातला दुसरा मोठा मुद्दा. अडॅप्टर पॅनच्या कडेवर टेकवला तर माणसाचं सगळं वजन सिरॅमिकच्या त्या कडेवर येतं, आणि बसताना धपकन बसलं की धक्क्यासकट येतं. पायऱ्यांवर आजवर माणसं बसली आहेत, त्या वजन पेलतात. पण त्या एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की त्यांच्यावर ठेवलेली उंच वस्तू आडवी डुलते. म्हणून चौकटीचे चार पाय पॅनच्या बाहेर, टणक आवाजाच्या फरशीवर टेकवायचे.

आमच्या भागातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून २५ मिलिमीटर चौरस पाइपाची चौकट करून घेतली, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची. बाहेरून रुंदी ५४, लांबी ६२ सेंटिमीटर. म्हणजे ती पॅनच्या चारी बाजूंनी बाहेर राहते. अडॅप्टरच्या बैठकीला जिथे भोकं होती त्या मापाने मध्ये दोन आडव्या पट्ट्या. चार कोपऱ्यांना खालून फिरवून कमी-जास्त होणारे बोल्ट आणि त्यांना जाड रबरी बूट. साध्या लोखंडाची चौकट रंगवून स्वस्तात देतो म्हणत होता, पण संडासात लोखंड वर्षभरात फुगायला लागतं. प्लायवूड तर नावही काढू नका, मरीन असला तरी.

उंचीचा हिशेब असा झाला. बोल्टवर उचललेलं अंतर अडीच, पाइप अडीच, अडॅप्टर ३५ आणि वरची सीट २, मिळून ४२ सेंटिमीटर. अडीच सेंटिमीटर उचलल्यामुळे मधल्या पट्ट्या दोन सेंटिमीटरच्या पायऱ्यांना न टेकता वरून जातात. फरशीला उतार असतोच, त्यामुळे चारही बोल्ट सारखे फिरवून चालत नाही. चौकटीवर लेव्हल ठेवून आधी आडवी, मग उभी सपाटी बघायची आणि शेवटी प्रत्येक बुटाखाली नाणं सरकवून बघायचं. नाणं सहज गेलं तर तो पाय हवेत आहे.

अडॅप्टर बसवणं

अडॅप्टरच्या खालून एक नळकांड्यासारखा गळा बाहेर आलेला असतो. तो पॅनच्या आत उतरला पाहिजे, नाहीतर शिंतोडे कडेने बाहेर येतात. आमच्याकडे तो पॅनच्या काठाखाली चारेक सेंटिमीटर गेला. फार खोलही नको. पॅनच्या तळापासून किमान चार बोटं जागा मोकळी हवी, म्हणजे फ्लशचं पाणी गळ्याला न अडता खालून वाहील.

गळा पुढे-मागे कुठे यावा यावर सगळा वापर अवलंबून आहे. पहिल्यांदा वाटतं की तो बरोबर भोकावर असावा. पण आमच्या पॅनमध्ये फ्लश भिंतीकडून येऊन भोकाकडे जातो. म्हणजे पडणारं भोकाच्या थोडं अलीकडे, फ्लशच्या वाटेवर पडलं तर पाणी ते ढकलत नेतं. भोकाच्या पलीकडे पडलं तर तिथे पाणी पोचतच नाही आणि दर वेळी पाण्याचा मग घेऊन बसावं लागतं. हे कागदावर ठरत नाही, पडतंय कुठे ते बघावं लागतं. मी कणकेचे लिंबाएवढे गोळे करायला घेतले, तर आई ओरडली, 'अन्न आहे ते!' शेवटी कुंडीतली ओली माती घेतली. सीटच्या मध्यातून गोळा सोडायचा, फ्लश ओढायचा, काय होतं ते बघायचं. तिसऱ्या खेपेला, अडॅप्टर भिंतीकडे तीन सेंटिमीटर सरकवल्यावर, एका फ्लशमध्ये गोळा निघून गेला. मातीचे मोठे गोळे करू नका आणि चार-पाच खेपांच्या वर हा खेळ नको. ट्रॅपमध्ये माती बसते.

जागा ठरल्यावर अडॅप्टर चौकटीला चार बोल्टने कसायचा. त्यातले पुढचे दोन मी पंखाच्या नटाचे घेतले, हाताने फिरणारे. अडॅप्टरची बैठक आणि चौकट यांच्यामध्ये सिलिकॉनची बोटभर रेघ मारली. सिलिकॉन सॅनिटरी आणि न्यूट्रल प्रकारचा घ्या. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार संगमरवर आणि कडाप्प्यासारख्या दगडावर डाग पाडतो. लावायच्या आधी जागा पूर्ण कोरडी हवी, आणि लावल्यावर चोवीस तास कोणी बसायचं नाही. तेवढ्या वेळासाठी आईला शेजारच्या काकूंकडे पाठवलं. त्यांच्याकडे कमोड आहे.

तुमच्या संडासात नहाणी ट्रॅप वेगळा असेल आणि अडॅप्टर थेट फरशीवर बसवत असाल, तरी सिलिकॉनची रेघ चारी बाजूंनी बंद करू नका. उताराच्या बाजूला इंचभर जागा उघडी ठेवा. आत कुठे गळती झाली तर पाणी तिथून बाहेर दिसेल. नाहीतर ते आतच कुजतं आणि वास कुठून येतोय हेच कळत नाही.

भिंतीचा आधार, फरशीला ड्रिल नाही

चौकट जड नसते. माणूस उठताना पुढे रेटा बसतो आणि मागचे पाय उचलले जाऊ शकतात. म्हणून ती कशाला तरी बांधायला हवी, पण फरशीला ड्रिल करायचं नाही. एक भोक म्हणजे वॉटरप्रूफिंगला एक भोक. भिंतीलाही खालचा फूटभर भाग सोडा, कारण वॉटरप्रूफिंगचा थर साधारण तेवढा भिंतीवर चढवलेला असतो. चौकटीच्या मागच्या दोन कोपऱ्यांतून ३५ सेंटिमीटर उंचीच्या दोन उभ्या पट्ट्या काढून घेतल्या, त्यांची टोकं भिंतीकडे वळवली आणि तिथे ८ मिलिमीटरच्या रावळ प्लगने त्या भिंतीला पकडल्या. टाकीपासून येणारा फ्लशचा पाइप भिंतीत दडलेला असू शकतो. तो सहसा पॅनच्या मध्यरेषेवरून उतरतो, म्हणून भोकं मध्यापासून लांब घ्या. टाइलला छिद्र पाडताना ड्रिलची हॅमर बंद ठेवा. टाइल पार झाली की मगच चालू करा, नाहीतर टाइलला तडा जातो.

हाताचा आधार वेगळा हवा. आई डावा हात वापरते म्हणून डाव्या भिंतीला, फरशीपासून ७२ सेंटिमीटरवर, स्टीलचा दांडा लावला. ती भिंत चार इंची होती आणि प्लास्टर भुसभुशीत निघालं. तिथे रावळ प्लगवर भरवसा नव्हता, म्हणून बोल्ट भिंतीतून आरपार काढून पलीकडे पत्र्याच्या चकत्या लावल्या. मग मी स्वतः, ८१ किलो, दांड्याला लोंबकळून बघितलं. टॉवेलचा दांडा आधार म्हणून चालत नाही. तो पहिल्याच ओढीला हातात येतो.

दार आत उघडणारं होतं. सीटच्या पुढच्या कडेपासून दारापर्यंत जेमतेम ५२ सेंटिमीटर उरले. बसलेल्या माणसाचे पाय तिथे मावतात, पण दार फिरायला जागा नाही. सुताराकडून बिजागऱ्या उलट्या करून दार बाहेर उघडणारं केलं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार पडलेल्या माणसालाच अडतं आणि बाहेरून उघडता येत नाही, हे त्याच्याशी बोलताना लक्षात आलं. कडीही बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी बसवली.

वापरताना

याला कमोड म्हणायचं, पण खऱ्या कमोडसारखं हे वागत नाही. खऱ्या कमोडमध्ये मल पाण्यात बुडतो. इथे तो पॅनच्या उतारावर पडतो, त्यामुळे फ्लश होईपर्यंत वास जास्त येतो आणि कोरड्या पॅनला चिकटतो. उपाय सोपा आहे. बसण्याआधी मगभर पाणी ओतून पॅन ओला करायचा. टाकीचं पाणी फक्त पॅन धुतं, अडॅप्टरची आतली बाजू धूत नाही. त्यासाठी जेट स्प्रे हवाच. उठल्यावर आतून एक फेरी मारायची. आईला वाकणं जमत नव्हतं, म्हणून स्प्रेचा हूक सीटच्या उंचीवर, उजव्या हाताला घेतला.

संडास साफ करायचं ॲसिड स्टेनलेस स्टीललाही खातं. पहिल्या महिन्यात बाईने नेहमीच्या सवयीने सगळीकडे ॲसिड टाकलं आणि चौकटीवर तपकिरी ठिपके आले. आता ॲसिड फक्त पॅनमध्ये, तेही कडेने न उडवता, आणि चौकटीला साबणाचं पाणी. आठवड्यातून एकदा पंखाचे नट सैल करून बघतो आणि बॅटरीने खाली डोकावतो. गळ्याच्या बाहेरच्या बाजूला पिवळसर थर दिसला तर जुन्या टूथब्रशने काढतो. दर तीन महिन्यांनी चारही बोल्ट काढून अडॅप्टर बाजूला उचलायचा आणि पॅन पूर्ण धुवायचा. तेव्हा सिलिकॉनची रेघ ब्लेडने कापावी लागते आणि परत मारावी लागते. त्या दिवसाची सोय आधी करून ठेवा.

गुडगुड ऐकू आली तर दोन ट्रॅपचा संशय इथे नाही, कारण ट्रॅप एकच आहे. तेव्हा बादलीची तीच जुनी परीक्षा करायची. पाणी रेंगाळलं तर पुढचा पाइप बघायचा. गेल्या पावसाळ्यात एकदा तसं झालं. अडॅप्टर काढून सळई घालून परत बसवायला चाळीस मिनिटं लागली.

वजनाची मर्यादा अडॅप्टरवर छापलेली असेल तर ती वाचा. फायबरचं भांडं हाताने दाबल्यावर लपकलं तर ते घेऊ नका. घरात कोणी शंभर किलोच्या आसपास असेल तर मी फायबरपेक्षा जाड पाइपाची खुर्ची चौकटीला जोडून घेईन. आणि बसल्यावर तोल सांभाळता न येणाऱ्या, लकव्याच्या माणसाला ही व्यवस्था पुरत नाही. त्याला पाठ आणि हात टेकायला जागा असलेली खुर्चीच लागते.

माझा खर्च अडॅप्टर ३,२००, चौकट २,६००, दांडा ९००, जेट स्प्रे ६००, सिलिकॉन आणि बोल्ट ३००, मजुरी आणि सुतार मिळून १,४००, असा एकूण ९,००० रुपये झाला. फोडून करायचे जे दर मला सांगितले होते, ते याच्या चौपटीच्या पुढचे होते.

ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. धाकटा भाऊ सुटीत आला की त्याला खाली बसल्याशिवाय जमत नाही. तो पुढचे दोन नट, मागचे दोन बोल्ट आणि भिंतीचे स्क्रू काढतो, सगळं बाहेर ठेवतो आणि जाताना विसरतो. मग आई मला फोन करते.